इंडेक्स टूवरचे दोन आकडे: सौद्यापेक्षा सरकारी मूल्यांकन जास्त निघाले तर आयकर कशावर?

दस्त नोंदला गेला की दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक दोन मिळते. आपल्याकडे तिला सगळेच इंडेक्स टू म्हणतात. तिच्यात विलेखाच्या प्रकाराखाली लागोपाठ दोन रकाने असतात, पहिला मोबदल्याचा आणि दुसरा बाजारभावाचा. मोबदला म्हणजे घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने आपसांत ठरवलेली, खरेदीखतात लिहिलेली किंमत. बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरच्या, अर्थात वार्षिक मूल्यदर तक्त्याच्या आधारे शासनाने काढलेले मूल्य. दोहोंपैकी जो आकडा मोठा असेल त्यावर मुद्रांक शुल्क लागते, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. मात्र दुसरा आकडा मोठा असेल, तर विकणाऱ्याचा आयकरही हातात न आलेल्या त्या मोठ्या आकड्यावर मोजला जाऊ शकतो, ही गोष्ट पुष्कळांना नोटीस आल्यावरच कळते. मुद्रांक शुल्क घेणाऱ्याच्या खिशातून जाते, म्हणून विकणारा मूल्यांकन पत्रकाकडे पाहतच नाही, हे त्यामागचे मोठे कारण आहे.

आयकर कायदा, १९६१ मधील कलम ५०सी हा या नियमाचा मूळ आधार आहे. जमीन, इमारत किंवा दोन्ही मिळून असलेली भांडवली मालमत्ता विकताना खरेदीखतातील किंमत मुद्रांक प्राधिकाऱ्याच्या मूल्यापेक्षा कमी असेल, तर ते सरकारी मूल्य हीच विक्रीची किंमत मानावी आणि त्यावरून भांडवली नफा काढावा, असे हे कलम सांगते. म्हणून या वाढीव रकमेला मानीव उत्पन्न म्हणतात. दस्तात किंमत कमी दाखवून उरलेली रक्कम रोखीने घेण्याच्या प्रथेला आळा बसावा, यासाठी २००२ च्या वित्त कायद्याने हे कलम आणले. परंतु तुम्ही खरोखर काही लपवले आहे की नाही, हे पाहण्याची अट कलमात नाही. प्रामाणिकपणे कमी किमतीत विकणाऱ्यालाही ते तितकेच लागू होते, आणि म्हणूनच त्यातील सवलती नीट माहीत असणे गरजेचे आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ अमलात आला असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तत्त्व मात्र तेच आहे. खालचे उदाहरण मे २०२५ मधील विक्रीचे असल्यामुळे त्याला जुना कायदाच लागतो.

एका प्लॉटचा हिशोब

लातूर महापालिकेच्या हद्दीतील ३०० चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे तीन गुंठ्यांचा एक एन.ए. प्लॉट घेऊ. व्यवहार आणि रेडी रेकनरचे दर समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. एका गुरुजींनी हा प्लॉट २०१२-१३ मध्ये सर्व खर्चासह ६ लाख रुपयांना घेतला होता. निवृत्तीनंतर २० फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांनी अडत दुकान असलेल्या एका गृहस्थांशी ४० लाखांत सौदा केला, इसार पावती झाली आणि २ लाख रुपये इसार मिळाला. खरेदीखत १५ मे २०२५ रोजी नोंदले गेले.

मधल्या काळात एक गोष्ट घडली. महाराष्ट्रात २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी रेडी रेकनरचे दर वाढवले गेले नव्हते, ते १ एप्रिल २०२५ पासून वाढले. समजा, या प्लॉटचा दर फेब्रुवारीत चौरस मीटरला १४,५०० रुपये होता आणि एप्रिलपासून १५,२०० रुपये झाला. म्हणजे इसाराच्या दिवशी सरकारी मूल्य ४३ लाख ५० हजार होते आणि नोंदणीच्या दिवशी ४५ लाख ६० हजार झाले. इंडेक्स टूवर मोबदला ४० लाख आणि बाजारभाव ४५ लाख ६० हजार असे छापून आले.

कायदा दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून देतो. सरकारी मूल्य हे ठरलेल्या किमतीच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, तर खरेदीखतातील किंमतच मान्य होते. ही मर्यादा आधी पाच टक्के होती, २०२० च्या वित्त कायद्याने ती दहा टक्के केली. गुरुजींच्या बाबतीत ४० लाखांचे ११० टक्के म्हणजे ४४ लाख. फेब्रुवारीचे मूल्य या रेषेच्या आत आहे, मे महिन्याचे मूल्य बाहेर आहे.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. रेषा ओलांडली की फक्त ४४ लाखांच्या वरचे १ लाख ६० हजार धरले जातील, असे लोकांना वाटते. तसे होत नाही. रेषा ओलांडली की दहा टक्क्यांची सूट पूर्णपणे गळून पडते आणि ४० लाखांपासूनचा सगळा ५ लाख ६० हजारांचा फरक विक्रीच्या किमतीत धरला जातो. सरकारी मूल्य नेमके ४४ लाख असते, तर एक रुपयाही वाढला नसता.

आता कर पाहू. प्लॉट चोवीस महिन्यांपेक्षा जास्त काळ हाती असल्यामुळे नफा दीर्घकालीन आहे. किंमतवाढ निर्देशांकाचा लाभ न घेता १२.५ टक्के दराने कर काढता येतो. प्लॉट २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेला असल्यामुळे निर्देशांक लावून २० टक्क्यांनीही हिशोब करून पाहता येतो आणि जो कर कमी असेल तो भरता येतो. गुरुजींना १२.५ टक्केच परवडतात, कारण खरेदीची किंमत फार कमी आहे. विक्रीची किंमत ४० लाख धरली तर नफा ३४ लाख आणि कर ४ लाख २५ हजार होतो. ती ४५ लाख ६० हजार धरली तर नफा ३९ लाख ६० हजार आणि कर ४ लाख ९५ हजार होतो. न मिळालेल्या पैशांवर ७० हजार रुपये जास्तीचा कर आणि त्यावर चार टक्के उपकर, असा हा फटका आहे.

हा फटका एकट्या गुरुजींना बसत नाही. घेणाऱ्यासाठी कलम ५६(२)(एक्स) आहे. सरकारी मूल्य आणि दिलेली किंमत यांतील फरक ५० हजार रुपये किंवा किमतीच्या दहा टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्या वर गेला, तर तो सगळा फरक घेणाऱ्याचे इतर स्रोतांतील उत्पन्न मानला जातो. अडत दुकानदाराचे उत्पन्न तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर त्याच ५ लाख ६० हजारांवर त्याला १ लाख ६८ हजार कर आणि उपकर भरावा लागेल. म्हणजे ज्या रकमेची देवघेव झालीच नाही, तिच्यावर दोन्ही बाजूंना कर बसतो. घेणाऱ्याला एवढाच दिलासा आहे की अशा रीतीने कर लागलेली रक्कम त्याच्या खरेदीच्या किमतीत मिळवली जाते आणि पुढे प्लॉट विकताना त्याचा नफा तितका कमी निघतो.

इसार कोणत्या तारखेला आणि कसा दिला

गुरुजींना ४० लाखांवर कर लागेल की ४५ लाख ६० हजारांवर, हे खरे तर इसाराच्या २ लाखांनी ठरते. किंमत ठरवणाऱ्या कराराची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगळी असेल, तर कराराच्या तारखेचे सरकारी मूल्य धरता येते, अशी तरतूद २०१६ च्या वित्त कायद्याने कलम ५०सी मध्ये आली. मात्र मोबदल्याची काही रक्कम तरी कराराच्या तारखेला किंवा तिच्या आधी बँकेमार्फत मिळालेली असली पाहिजे. रेखांकित अकाउंट पेयी धनादेश, डिमांड ड्राफ्ट, आरटीजीएस, एनईएफटी, यूपीआय हे मार्ग चालतात. रोख चालत नाही आणि बेअरर चेकही चालत नाही. घेणाऱ्यालाही हीच तरतूद याच अटीवर मिळते.

मराठवाड्यात इसार अजूनही बहुधा रोखीने दिला जातो. सौदा ठरला की बैठकीतच नोटा मोजून हातावर ठेवल्या जातात, इसार पावतीवर ‘रोख मिळाले’ असे लिहिले जाते आणि उरलेली रक्कम खरेदीखताच्या दिवशी धनादेशाने येते. गुरुजींनी असे केले असेल, तर फेब्रुवारीचे मूल्य त्यांच्या कामाचे नाही. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास कलम २६९एसएस मनाई करते, आणि जितकी रोख घेतली तितकाच दंड होऊ शकतो. बँकेतून आलेल्या इसारामुळे ७० हजारांचा कर वाचतो आणि २ लाखांच्या दंडाची भीतीही राहत नाही.

तारखेचा मुद्दा बारकाईने पाहावा. रक्कम करारानंतर दुसऱ्या दिवशी आली, तरी अट मोडते, कारण कायद्याचे शब्द ‘कराराच्या तारखेस किंवा तत्पूर्वी’ असे आहेत. म्हणून आधी पैसे खात्यात जमा करून घ्यावेत आणि मग त्या व्यवहाराचा क्रमांक, तारीख व बँकेचे नाव लिहून इसार पावती करावी. करार नोंदणीकृतच असला पाहिजे असे या तरतुदीत म्हटलेले नाही. परंतु साध्या मुद्रांक कागदावरच्या इसार पावतीची तारीख खरी आहे का, अशी शंका अधिकारी घेऊ शकतात, आणि त्या शंकेला सर्वांत भक्कम उत्तर बँकेच्या उताऱ्यातील नोंद हेच असते. पुढे खरेदीखतातही इसार पावतीची तारीख आणि तिच्यातील रक्कम यांचा उल्लेख करून घ्यावा, म्हणजे दोन्ही कागद एकाच सौद्याचे आहेत हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

इंडेक्स टूवर मात्र नोंदणीच्या दिवसाचेच मूल्य छापले जाते. मुद्रांक शुल्कही ४५ लाख ६० हजारांवरच भरावे लागते, त्यात इसाराच्या तारखेने काही सवलत मिळत नाही. ३० लाख रुपये किंवा अधिक मूल्याच्या व्यवहाराची माहिती नोंदणी कार्यालयाकडून आयकर विभागाला जाते आणि ती तुमच्या वार्षिक माहिती विवरणात दिसते. विवरणपत्रात भांडवली नफ्याच्या परिशिष्टात प्रत्यक्ष मोबदला आणि मुद्रांक प्राधिकाऱ्याचे मूल्य यांचे वेगळे रकाने आहेत. तेथे गुरुजींनी फेब्रुवारीचे ४३ लाख ५० हजार लिहिले की विभागाकडील आकड्याशी तफावत दिसणार आणि विचारणा होण्याची शक्यता राहणार. त्यासाठी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून २०२४-२५ च्या दराचे पान काढून ते इसार पावती आणि बँक उताऱ्यासोबत त्याच वेळी फाइलला लावून ठेवावे.

जागाच त्या भावाची नसेल तर

आता समजा इसार रोखीने गेला, तारखेचा आधार उरला नाही, आणि तरीही ४० लाखांपेक्षा जास्त भाव त्या प्लॉटला खरोखरच येत नव्हता. रेडी रेकनर एका विभागातील सगळ्या जागांना मिळून दर ठरवतो. प्रत्येक प्लॉटवर जाऊन तो पाहत नाही. प्लॉटवरून उच्चदाबाची तार गेली असेल, मागच्या बाजूने ओढा असून निम्मी जागा पूररेषेत येत असेल, विकास आराखड्यातील रस्त्याने कोपरा कापला जात असेल, कोणाचे जुने अतिक्रमण असेल किंवा दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा चालू असेल, तर बाजार त्या जागेला शेजारच्या स्वच्छ प्लॉटचा भाव देत नाही.

अशा वेळी कलम ५०सी चे पोटकलम (२) उपयोगी पडते. करनिर्धारण चालू असताना विकणाऱ्याने लेखी सांगावे की मुद्रांक प्राधिकाऱ्याचे मूल्य विक्रीच्या दिवसाच्या खऱ्या बाजारमूल्यापेक्षा जास्त आहे, आणि प्रकरण विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करावी. हा अधिकारी नोटीस देतो, जागा पाहतो, तुमचे म्हणणे ऐकतो आणि आपले मूल्य ठरवतो. त्याचे मूल्य सरकारी मूल्यापेक्षा कमी निघाले तर ते धरले जाते. जास्त निघाले, समजा ४८ लाख, तरी ४५ लाख ६० हजारांच्या वर जाता येत नाही. या मागणीत विकणाऱ्याचे मूल्यांकनापुरते नुकसान होत नाही, आणि तरीही ती फार कमी लोक करतात, याचे मला वाईट वाटते. गुरुजींच्या प्लॉटचे मूल्य या अधिकाऱ्याने ४२ लाख ठरवले, तर नफा ३६ लाख आणि कर ४ लाख ५० हजार होईल, म्हणजे ४५ हजार रुपये वाचतील.

मात्र कोणती कारणे चालतात आणि कोणती चालत नाहीत, हा फरक मनात पक्का हवा. मुलीचे लग्न, दवाखान्याचा खर्च, सलग दोन वर्षे पाऊस न झाल्यामुळे डोक्यावर आलेले कर्ज, ही विकण्याची कारणे शंभर टक्के खरी असतात आणि आपल्या भागात तर ती नित्याची आहेत. पण ती विकणाऱ्याची अडचण आहे, जागेतील उणीव नव्हे. खुल्या बाजारात ती जागा कितीला गेली असती, एवढाच प्रश्न कायदा विचारतो. ‘मला नड होती म्हणून स्वस्तात दिली’ असा अर्ज केल्यास मूल्यांकन अधिकारी सहानुभूती दाखवेल, मूल्य कमी करेलच असे नाही. म्हणून अर्जात जागेबद्दलच लिहावे आणि कागद जोडावेत. महापालिकेचा झोन दाखला व भाग नकाशा, पूररेषेचे पत्र, वीजवाहिनी दिसणारी छायाचित्रे, दाव्याची प्रत, आणि त्याच भागातील तशाच उणिवेच्या जागांच्या विक्रीचे इंडेक्स टू हे त्यांतले महत्त्वाचे. नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल विक्रीच्या सुमारासच करून घेतला तर त्याला वजन राहते. तीन वर्षांनी नोटीस आल्यावर केलेल्या अहवालात त्या दिवशीची जागा कशी होती हे दाखवणे अवघड जाते, कारण तोवर घेणाऱ्याने भराव टाकून घर बांधलेले असते.

एक अडथळा ध्यानात ठेवावा. त्याच मूल्याविरुद्ध मुद्रांक कायद्याखाली अपील किंवा पुनरीक्षण केलेले असेल, तर मूल्यांकन अधिकाऱ्याचा मार्ग बंद होतो. तेथे मूल्य कमी झाले, तर आयकरासाठीही ते कमी झालेले मूल्य धरले जाते आणि आधी झालेले करनिर्धारण त्यानुसार दुरुस्त करता येते. म्हणजे दोनांपैकी एकच दार निवडायचे असते. मुद्रांकाच्या बाजूचे दार बहुधा घेणारा ठोठावतो, कारण शुल्क त्याचे असते. त्याने तसे काही केले आहे का, हे विकणाऱ्याने अर्ज देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

शेतजमीन आणि भाऊबंद

मराठवाड्यात हा प्रश्न शेताच्या संदर्भात सर्वाधिक विचारला जातो. ग्रामीण शेतजमीन ही आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर विकणाऱ्याला कलम ५०सी लागत नाही, फरक कितीही असो. ग्रामीण कोणती, हे नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीपासूनच्या हवाई अंतरावर ठरते. त्या गावाची लोकसंख्या दहा हजारांच्या वर आणि एक लाखापर्यंत असेल तर दोन किलोमीटर, एक लाखाच्या वर आणि दहा लाखांपर्यंत असेल तर सहा, आणि दहा लाखांच्या वर असेल तर आठ किलोमीटरच्या आतील जमीन शहरी धरली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर, नांदेड, परभणी, जालना, बीड यांच्याभोवती सहा किलोमीटरचे, तर छत्रपती संभाजीनगरभोवती आठ किलोमीटरचे वर्तुळ येते. सातबारावर पीक दिसते म्हणून जमीन ग्रामीण ठरत नाही. वर्तुळाच्या काठावरची जमीन विकताना अंतराचा दाखला आधीच घेऊन ठेवावा.

भावाभावांतील विक्रीत उलटीच चूक होते. नातेवाइकांतील व्यवहाराला कर नसतो, या समजुतीवर एक भाऊ दुसऱ्याला शहरातील प्लॉट निम्म्या किमतीत खरेदीखताने देतो. घेणाऱ्या भावाला नात्यामुळे कलम ५६ मधून सूट मिळते हे खरे आहे. विकणाऱ्या भावाला कलम ५०सी मधून अशी कोणतीही सूट नाही, आणि त्याचा नफा पूर्ण सरकारी मूल्यावर मोजला जातो. भावाला मदतच करायची असेल आणि मोबदला घ्यायचा नसेल, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करावे, कारण बक्षीस हे भांडवली नफ्यासाठी हस्तांतरणच मानले जात नाही. त्यावरचे मुद्रांक शुल्क किती लागेल, हे मात्र दस्त करण्यापूर्वी पाहून घ्यावे.

आणि ज्यांचे करनिर्धारण आता चालू आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी तोंडी करू नये. नोटिशीच्या उत्तरातच, कलम ५०सी(२) चा उल्लेख करून, स्वतंत्र परिच्छेदात ती लिहावी आणि ऑनलाइन पोच जपून ठेवावी. करदात्याने स्पष्ट मागणी केली नसली तरी अधिकाऱ्याने ही संधी द्यायला हवी, असे कोलकाता उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले आहे. लेखी मागणी करूनही प्रकरण न पाठवता सरकारी मूल्यावर आदेश काढला गेला, तर अपिलात पहिला मुद्दा हाच घ्यावा.